खुर्ची एकच, कंपनीची नावं तीन: बायोडेटात कशी लिहायची?

सोलापुरातल्या अनेक पोरांची गोष्ट अशी असते. चिंचोलीच्या नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला लागायचं, सात-आठ वर्षं इमानेइतबारे तिथंच काढायची. मधल्या काळात गेटवरची पाटी दोनदा बदलते. मशीन तेच, वरिष्ठ तेच, डबा खायची जागा तीच. फक्त पगाराच्या स्लिपवर आधी एक नाव असतं, मग दुसरं, मग तिसरं. पुढे पुण्याच्या एखाद्या कारखान्यात अर्ज करायची वेळ येते आणि बायोडेटात तीन नावांच्या तीन नोकऱ्या लिहिल्या जातात. समोरचा माणूस वाचतो: तीन नोकऱ्या, एकही धड टिकली नाही. हुतात्मा एक्स्प्रेस पकडून मुलाखतीला जायची वेळच येत नाही.

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली आहेत आणि आता ओळखीपाळखीच्या मुलांचे बायोडेटा बघून देतो. त्यातला सगळ्यात सहज टाळता येणारा तोटा मला हाच वाटतो. अनुभव खरा असतो, कागद खरे असतात, पण मांडणीमुळे आठ वर्षांच्या स्थिर नोकरीचे तुकडे दिसतात. म्हणून हा विषय नीट उलगडून सांगतो.

आधी झालं काय, ते ओळखा

‘कंपनी बदलली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे निव्वळ नाव बदलणं. कंपनी कायद्याने तीच राहते, फक्त तिचं नाव नवं होतं. यूटीआय बँक 2007 मध्ये अ‍ॅक्सिस बँक झाली, ते असं. बँक तीच, नाव नवं.

दुसरी म्हणजे विलीनीकरण. यात एक कंपनी दुसरीत मिसळते आणि मिसळणारी संपते. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. देना बँकेतला कारकून त्या दिवशी त्याच टेबलावर बसला होता, पण त्याची मालक आता दुसरी बँक होती.

तिसरी म्हणजे फक्त ब्रँड बदलणं. व्होडाफोन आणि आयडिया 2018 च्या ऑगस्टमध्ये एकत्र आल्या आणि कंपनीचं नाव व्होडाफोन आयडिया लिमिटेड झालं. सप्टेंबर 2020 मध्ये दुकानांवर ‘व्ही’ची पाटी लागली, पण कंपनीचं कायदेशीर नाव व्होडाफोन आयडियाच राहिलं. झोमॅटोचं बरोबर उलटं झालं. 2025 मध्ये कंपनीचं नाव ईटर्नल झालं आणि मोबाइलवरचं अ‍ॅप मात्र झोमॅटोच राहिलं. म्हणजे पाटी बदलली की कंपनी बदललीच, असं नाही. आणि पाटी तीच राहिली म्हणून आत काही बदललं नाही, असंही नाही.

तुमच्या कंपनीत यातलं नेमकं काय झालं, हे कँटीनमधल्या चर्चेवरून ठरवू नका. बहुतेक वेळा तिथं सगळ्यालाच ‘टेकओव्हर’ म्हणतात. जुनं अपॉइंटमेंट लेटर आणि अलीकडचं एखादं पत्र शेजारी ठेवा. कंपनीच्या लेटरहेडवर 21 अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापलेला असतो. कायद्यानेच तो छापावा लागतो. त्यातले शेवटचे सहा अंक दोन्ही पत्रांवर सारखे असतील, तर कंपनी तीच आहे, नाव बदललंय. आधीची अक्षरं थोडीफार बदललेली दिसू शकतात. कंपनी प्रायव्हेटची पब्लिक झाली किंवा शेअर बाजारात आली, तरी ती बदलतात. शेवटचे सहा अंक वेगळे निघाले, तर बहुधा विलीनीकरण झालेलं आहे. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा: कंपनीने नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवलं असेल, तरी क्रमांक नवा पडतो.

नाव नुकतंच बदललेलं असेल तर आणखी एक खूण सापडते. कंपनी कायदा 2013 प्रमाणे नाव बदलल्यानंतर दोन वर्षं कंपनीला नव्या नावासोबत जुनं नावही लिहावं लागतं. त्या काळातलं एखादं पत्र तुमच्याकडे असेल, तर दोन्ही नावं जोडणारा पुरावा तुमच्या फायलीतच आहे. ते पत्र जपून ठेवा, पुढे लागतं.

कुठलं नाव वर लिहायचं?

यावर लोक फार गोंधळतात. कुणी म्हणतं, ज्या नावावर लागलो ते लिहावं. कुणी म्हणतं, आज जे नाव चालतंय ते लिहावं, म्हणजे वजन पडतं. माझं मत ठाम आहे. कंपनी सोडताना तुम्हाला जे रिलिव्हिंग लेटर मिळालं, त्यावरचं नाव आधी. अजून तिथंच असाल, तर शेवटच्या पगार स्लिपवरचं नाव. बाकीची नावं त्या नावाला आधार म्हणून, त्याच ओळीत किंवा खालच्या ओळीत.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. पुढे कधीतरी तुमचा बायोडेटा आणि तुमचे कागद एकाच टेबलावर येणार आहेत. त्या वेळी तपासणारा माणूस सगळ्यात आधी रिलिव्हिंग लेटर उचलतो. त्यावरचं नाव आणि बायोडेटातलं ठळक नाव एकच असलं, की पुढचं काम सरळ होतं. दोन्ही वेगळी निघाली की तो थांबतो, प्रश्न लिहून ठेवतो, आणि तुम्ही समोर नसताना त्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी नसतं.

एक उदाहरण, तपशिलासकट

नमुन्यासाठी एक उदाहरण घेऊ. कंपन्यांना अ, ब आणि क म्हणू.

एक मुलगा जुलै 2016 मध्ये ‘अ प्रायव्हेट लिमिटेड’मध्ये क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागला. युनिट चिंचोलीत. वर्षभराने तो क्वालिटी इंजिनिअर झाला. ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीने नाव बदलून ‘ब प्रायव्हेट लिमिटेड’ केलं. सीआयएनचे शेवटचे सहा अंक तेच राहिले, म्हणजे हे नुसतं नामांतर. 2021 मध्ये तो सीनियर क्वालिटी इंजिनिअर झाला. सप्टेंबर 2022 मध्ये एनसीएलटीचा, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाचा, आदेश आला आणि ब कंपनी पुण्यातल्या आपल्या मूळ कंपनीत, ‘क लिमिटेड’मध्ये विलीन झाली. ऑक्टोबरपासून पगार स्लिपवर क आलं. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली आणि रिलिव्हिंग लेटर क लिमिटेडचं मिळालं.

नव्या पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात असा बायोडेटा टाइप होतो तेव्हा तो साधारण असा येतो: क लिमिटेड, एक वर्ष पाच महिने. ब प्रायव्हेट लिमिटेड, तीन वर्षं दोन महिने. अ प्रायव्हेट लिमिटेड, तीन वर्षं एक महिना. तिन्ही ओळींत एकही शब्द खोटा नाही. तरी वाचणाऱ्याला दिसतं ते असं की हा दर तीन वर्षांनी नोकरी बदलतो आणि शेवटच्या ठिकाणी तर दीड वर्षसुद्धा टिकला नाही. सात वर्षं आठ महिन्यांची एकसंध नोकरी कुठेच दिसत नाही.

त्यात आणखी एक नुकसान होतं, जे पटकन लक्षात येत नाही. बढत्या गायब होतात. ट्रेनीपासून सीनियरपर्यंतचा चढ तीन वेगवेगळ्या कंपन्यांत विखुरला, की वाचणाऱ्याला वाटतं याने पद वाढवून घ्यायला नोकऱ्या बदलल्या. एकाच ठिकाणी दोन बढत्या मिळणं म्हणजे तिथल्या लोकांनी तुमचं काम पाहून तुम्हाला वर चढवलं, आणि नवा मालक नेमकं तेच शोधत असतो.

हाच अनुभव असा लिहावा:

क लिमिटेड, चिंचोली एमआयडीसी, सोलापूर
जुलै 2016 ते फेब्रुवारी 2024
(सप्टेंबर 2022 पर्यंत ब प्रायव्हेट लिमिटेड, तिचे 2019 पूर्वीचे नाव अ प्रायव्हेट लिमिटेड, 2022 मध्ये क लिमिटेडमध्ये विलीन. सेवा अखंड.)
सीनियर क्वालिटी इंजिनिअर, 2021 ते 2024
क्वालिटी इंजिनिअर, 2017 ते 2021
ट्रेनी, 2016 ते 2017

कंपनी एकदाच आली, तारखांचा पूर्ण पट्टा एकदाच आला. नावांचा सगळा इतिहास कंसातल्या एका ओळीत मावला आणि त्याखाली फक्त पदं उरली. कामाचा तपशील प्रत्येक पदाखाली लिहायचा, नावांप्रमाणे तोडायचा नाही. ‘सेवा अखंड’ हे दोन शब्द छोटे आहेत, पण वाचणाऱ्याच्या मनातला ‘मध्ये खंड पडला का’ हा प्रश्न तिथंच मिटतो.

बायोडेटा बहुधा इंग्रजीत असतो. तिथंही हीच रचना ठेवायची, फक्त भाषा बदलते. कंसातली ओळ लांबायला लागली तर महिने काढून टाका, नुसती वर्षं ठेवा. नावांचा इतिहास कामापेक्षा जास्त जागा खायला लागला, तर वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच अडकतं.

‘पूर्वीची’ कुठे चालतं, कुठे नाही

वरच्या नमुन्यात मी ‘क लिमिटेड (पूर्वीची अ)’ असं लिहिलेलं नाही. इंग्रजी बायोडेटात ‘फॉर्मर्ली’ हा शब्द सरसकट टाकायची पद्धत आहे, पण तो फक्त नामांतराला लागू होतो. अ‍ॅक्सिस बँक, पूर्वीची यूटीआय बँक, हे बरोबर. बँक ऑफ बडोदा, पूर्वीची देना बँक, हे चूक. बँक ऑफ बडोदा 1908 पासून त्याच नावाने आहे, ती कधीच देना बँक नव्हती. जिथं विलीनीकरण झालं, तिथं ‘2019 पर्यंत देना बँक, नंतर बँक ऑफ बडोदात विलीन’ असं लिहावं.

हा काथ्याकूट वाटेल, पण याचा परिणाम होतो. मुलाखत घेणारा क लिमिटेडमध्ये आधी काम केलेला निघाला, तर ‘पूर्वीची अ’ वाचून तो चक्रावतो. त्याला माहीत असतं की क चं नाव कधीच अ नव्हतं. मग उरलेल्या बायोडेटाकडेही तो त्याच नजरेने बघायला लागतो.

विलीनीकरणाच्या तारखेचाही एक पेच आहे. आदेशात बहुधा दोन तारखा असतात. एक असते ‘अपॉइंटेड डेट’, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने विलीनीकरण कधीपासून धरायचं ती. ती अनेकदा मागची असते. दुसरी असते प्रत्यक्ष लागू झाल्याची तारीख. वरच्या उदाहरणात अपॉइंटेड डेट 1 एप्रिल 2021 असू शकते आणि आदेश लागू व्हायला सप्टेंबर 2022 उजाडू शकतं. कंपनीच्या सर्क्युलरमध्ये ‘1 एप्रिल 2021 पासून विलीन’ असं वाचून मुलं बायोडेटात तीच तारीख घालतात. पण त्या मधल्या दीड वर्षाच्या पगार स्लिपा ब च्या नावाने आहेत. तुमच्यासाठी खरी तारीख तीच, ज्या महिन्यापासून पगार स्लिपवरचं नाव बदललं.

तुम्ही सोडल्यावर नाव बदललं असेल तर

हे प्रकरण वेगळं आहे आणि इथं मोह जास्त असतो. समजा, एखाद्या मुलीने 2015 ते 2019 एचडीएफसी लिमिटेडमध्ये, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या कंपनीत काम केलं आणि मग ती सोडली. ती कंपनी 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. आता ती बायोडेटात ‘एचडीएफसी बँक, 2015 ते 2019’ लिहिते. तिला वाटतं, आता सगळं एकच तर आहे.

तिचं रिलिव्हिंग लेटर एचडीएफसी लिमिटेडचं आहे. 2019 मध्ये ती बँकेची कर्मचारी नव्हती. ती ठेवी, चेक, खाती असलं काम करत नव्हती, गृहकर्जाचं काम करत होती. बँकेतल्या जागेसाठी मुलाखत घेणारा माणूस तिला शाखेच्या कामकाजाबद्दल विचारेल आणि तिची पंचाईत होईल. तिने लिहायचं ते असं: एचडीएफसी लिमिटेड (गृहकर्ज, 2023 मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन), 2015 ते 2019. जुनं नाव आधी, आजचं नाव फक्त ओळख पटावी म्हणून. रिलिव्हिंग लेटरचा नियम इथंही तोच आहे, फक्त उत्तर उलटं येतं.

जुनी कंपनी छोटी होती, तिला कुणी ओळखत नाही आणि ती पुढे मोठ्या नावात मिसळली, तर मोह आणखीच वाढतो. तिथंही हेच करा. मोठं नाव कंसात राहू द्या. वाचणारा ते वाचतोच.

पेरोल कुणाचा होता?

उपकंपनीचा गोंधळ याहून जुना. समूहाचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि पगार देणाऱ्या कंपनीचं नाव कुणाला माहीत नसतं. एचडीबी फायनान्शियल सर्व्हिसेस ही एचडीएफसी बँकेची उपकंपनी आहे. तिथं काम करणाऱ्या कित्येकांना घरचे ‘एचडीएफसीत आहे’ म्हणूनच ओळखतात. घरात ते चालतं. बायोडेटात ‘एचडीबी फायनान्शियल सर्व्हिसेस (एचडीएफसी बँकेची उपकंपनी)’ असं लिहायला हवं. म्हणजे मोठं नावही राहतं आणि खरी मालक कंपनीही दिसते.

समूहातल्या एका कंपनीतून दुसरीत बदली झाली असेल, तर मात्र जरा थांबून बघावं लागतं. कामही बदललं, गावही बदललं, तर ती वेगळी नोंद करायला हरकत नाही. अशा वेळी वरच्या ओळीत समूहाचं नाव आणि पूर्ण कालावधी द्यावा, खाली दोन कंपन्या आपापल्या तारखांसह लिहाव्यात. फक्त कागदोपत्री पेरोल हलला आणि तुम्ही त्याच शेडमध्ये तेच काम करत राहिलात, तर एकच नोंद ठेवायची.

कंत्राटदाराकडून लागलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगतो. मोठ्या प्लँटमध्ये काम केलं, गेटपास त्या प्लँटचा होता, पण पगार आणि पीएफ कंत्राटदाराचा होता, तर मालक कंत्राटदार. त्याचं नाव आधी लिहा आणि पुढे ‘अमुक प्लँटमध्ये कामाला’ असं जोडा. याने किंमत कमी होत नाही. प्लँटमधला अनुभव खराच असतो. पण मोठ्या कंपनीला चौकशीचा मेल गेला आणि तिकडून ‘या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता’ असं उत्तर आलं, तर सगळं तिथंच थांबतं.

तपासणीत पीएफची नोंद काय सांगते

नवी कंपनी नोकरी देण्याआधी किंवा दिल्यावर बॅकग्राउंड तपासणी करते. त्यात पीएफची नोंद मोठी भूमिका बजावते, कारण ती तुमच्या हातात नसते. म्हणून बायोडेटा पाठवण्याआधी ती स्वतः बघून घ्या. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन टाकून आत जा आणि View मध्ये Service History उघडा. तिथं प्रत्येक आस्थापनेचं नाव, मेंबर आयडी, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते.

नुसतं नामांतर झालं असेल, तर मेंबर आयडी सहसा तोच राहतो आणि आस्थापनेचं नाव नवं दिसतं. म्हणजे तुम्ही ज्या काळात अ मध्ये होता, तो काळही ब च्या नावाने दिसू शकतो. घाबरायचं कारण नाही. तुमच्या बायोडेटातल्या कंसात दोन्ही नावं आहेत, त्यामुळे तपासणारा लगेच जोडून घेतो. फक्त एक नाव लिहिलं असतं, तर इथं प्रश्न आला असता.

विलीनीकरणात बऱ्याचदा नवा मेंबर आयडी मिळतो. मग जुन्या नोंदीला सोडल्याची तारीख लागते, नव्या नोंदीला रुजू तारीख. जुनी 30 सप्टेंबर आणि नवी 1 ऑक्टोबर असेल, तर उत्तम. पण कधीकधी जुन्या नोंदीला तारीखच लागलेली नसते आणि तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला होता असं दिसतं. कधी मध्ये महिनाभराची फट राहते. ही चूक क्लार्कच्या टेबलावर झालेली असते, पण तपासणीच्या अहवालात ती तुमच्या नावाने येते. कंपनीत असतानाच एचआरकडून ती दुरुस्त करून घ्या. कंपनी सोडल्यावर त्याच कामासाठी चार हेलपाटे पडतात.

विलीनीकरणाच्या वर्षात आणखी एक गोष्ट घडते. त्या एकाच आर्थिक वर्षाचे दोन फॉर्म 16 मिळू शकतात, एक जुन्या कंपनीच्या टॅन क्रमांकाने आणि एक नव्या. ते बघून कुणी विचारलं की दोन मालक कसे, तर उत्तर तयार असू द्या. विलीनीकरणाचं पत्र आणि दोन्ही फॉर्म 16 एकत्र जोडून दिले की प्रश्न तिथंच संपतो.

कुठला कागद मागून ठेवायचा

नाव बदलल्यावर किंवा विलीनीकरण झाल्यावर कंपनी बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांना एक पत्र देते. त्यात ‘तुमची सेवा अखंड धरली जाईल, सेवाशर्ती त्याच राहतील’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे लोक ते वाचतात आणि डब्याच्या पिशवीत टाकतात. ते पत्र हातात आलं त्या दिवशीच त्याचा फोटो काढा, मूळ प्रत अपॉइंटमेंट लेटरसोबत लावा. मिळालं नसेल, तर एचआरला मेल करून मागा. दोन ओळींचं पत्र पुरतं: तुमचं नाव, कर्मचारी क्रमांक, जुनी कंपनी, नवी कंपनी, मूळ रुजू तारीख. या शेवटच्या गोष्टीवर हटून बसा. त्या पत्रात मूळ रुजू तारखेऐवजी विलीनीकरणाची तारीख पडली, तर पुढे ग्रॅच्युइटीच्या हिशेबातसुद्धा तुम्हाला झगडावं लागेल.

कधीकधी अशा वेळी कंपनी सगळ्यांकडून राजीनामे घेते, फुल अँड फायनल करते आणि नव्या कंपनीचं नवं अपॉइंटमेंट लेटर देते. हे झालं असेल, तर ‘सेवा अखंड’ लिहू नका, कारण कागद तसं म्हणत नाहीत. दोन नोंदी लिहा, पण लगोलग एकाखाली एक, आणि दुसऱ्या नोंदीखाली ‘कंपनी हस्तांतरणामुळे त्याच युनिटमध्ये नवी नियुक्ती’ अशी ओळ द्या. नोकरी तुम्ही सोडली नव्हती, हे कळलं पाहिजे. कागद वेगळे असल्याचं लपवायचं नाही.

ऑनलाइन फॉर्म भरताना

बायोडेटात एक ओळ चालते, पण नोकरीच्या पोर्टलवर आणि तपासणीच्या फॉर्ममध्ये रकाने ठरलेले असतात: कंपनी, कधीपासून, कधीपर्यंत, कर्मचारी क्रमांक, सोडण्याचं कारण. कंसाला तिथं जागा नसते.

पोर्टलवर सगळी पदं एकाच कंपनीखाली टाका. लिंक्डइनवर तर तिन्ही पदांना तेच कंपनी पान निवडलं की ती आपोआप एकाखाली एक जोडली जातात आणि वर एकूण कालावधी दिसतो. वर्णनाच्या चौकटीत जुन्या नावांची ओळ घाला. जुन्या नावाने शोधणारेही लोक असतात, त्यांनाही तुम्ही सापडता.

तपासणीचा फॉर्म मात्र वेगळा असतो. बायोडेटा माणसाच्या नजरेसाठी असतो, हा फॉर्म जुळवणीसाठी असतो. इथं पूर्ण कायदेशीर नाव लिहा, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ की ‘लिमिटेड’ तेही बरोबर. पीएफमध्ये दोन नोंदी असतील आणि कर्मचारी क्रमांकही दोन असतील, तर फॉर्ममध्ये दोन ओळी भरा आणि पहिल्या ओळीत सोडण्याचं कारण म्हणून ‘विलीनीकरण, सेवा पुढे चालू’ लिहा. तिथं ‘राजीनामा’ निवडलात, तर तपासणारा राजीनाम्याचं पत्र मागतो, आणि ते तुमच्याकडे नसतं. यादीत तो पर्याय नसेल, तर ‘इतर’ निवडून शेजारी लिहा.

आणि संदर्भासाठी एचआरचा मेल देताना जुन्या कंपनीचा मेल देऊ नका. विलीनीकरणानंतर ते डोमेन बहुधा बंद झालेलं असतं, मेल परत येतो आणि अहवालात ‘कंपनीशी संपर्क होऊ शकला नाही’ असा शेरा पडतो. नव्या कंपनीच्या एचआरचा चालू पत्ता द्या, आणि त्यांना आधी फोन करून सांगा की चौकशी येईल, माझी जुनी रुजू तारीख 2016 ची आहे, ती तुमच्या सिस्टिममध्ये आहे का ते बघून ठेवा.